अलिबाबावरून बॅगपॅकची पहिली ऑर्डर: सॅम्पल कसं मागवायचं आणि माल निघायच्या आधी कसा तपासायचा

प्रश्न: कोल्हापूरला माझं बॅगांचं होलसेल दुकान आहे. अलिबाबावर चीनचा एक सप्लायर लॅपटॉप बॅगपॅक साडेसहा डॉलरला देतोय, १००० नग घ्यायचा विचार आहे. तो म्हणतो आधी सॅम्पल बघा, आवडलं की ३० टक्के अ‍ॅडव्हान्स पाठवा. एका सॅम्पलवर एवढा पैसा लावायचा का? आणि माल तिथून निघायच्या आधी तपासता येतो का?

उत्तर:

तपासता येतो, आणि पहिल्या ऑर्डरला तपासल्याशिवाय बाकीचे ७० टक्के सोडूच नका. पण ती तपासणी उपयोगाची ठरणार की नुसता फोटोंचा ढीग मिळणार हे सॅम्पलच्या वेळीच ठरतं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या. तुमच्या हातात येणारं सॅम्पल फॅक्टरीच्या सॅम्पल रूममध्ये एखाद्या मुरलेल्या मास्तरने निवांत बसून एकट्याने शिवलेलं असतं. तुमचे १००० नग मात्र लाइनवर शिवले जाणार, तिथे एक बाई फक्त पट्टे लावते, दुसरी फक्त चेन बसवते, बहुतेकांना नगावर पैसे मिळतात, आणि कापडही त्या वेळेला बाजारात जे मिळेल त्या लॉटचं येतं. म्हणजे सप्लायर सरळमार्गी असला तरी सॅम्पल आणि माल यांच्यात फरक पडतोच. त्यात अलिबाबावरचे बरेच सप्लायर स्वतः फॅक्टरीवाले नसून ट्रेडिंग कंपन्या असतात, सॅम्पल एका कारखान्यातून उचलतात आणि ऑर्डर दुसऱ्याला देतात. त्यामुळे सॅम्पल चांगलं आलं म्हणजे माल चांगला येईल असं समजू नका. सॅम्पल मोजायचं, मापं लिहून काढायची, ती ऑर्डरच्या कागदात घालायची आणि नंतर त्याच मापांनी माल तपासून घ्यायचा, एवढ्यासाठीच ते मागवायचं.

आणि सॅम्पलवर एक रुपया खर्च करायच्याही आधी तुमच्या सीएचएला, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला, फोटो आणि वर्णन पाठवून एचएस कोड, म्हणजे कस्टम्समध्ये त्या मालाचा ठरलेला नंबर, आणि बीआयएस प्रमाणपत्राचं विचारून घ्या. हल्ली कितीतरी वस्तूंना बीआयएस लागतं, स्टीलच्या इन्सुलेटेड बाटल्या, खेळणी, पॉवर बँक ही नेहमीची उदाहरणं, आणि तिथे परवाना परदेशातल्या कारखान्याच्या नावावर असावा लागतो, तुम्ही इथून काही करू शकत नाही. तुमच्या बॅगेत यूएसबी पोर्ट असेल तर तो नुसता पोर्ट आणि वायर आहे ना, आत पॉवर बँक देत नाहीये ना, हे सप्लायरकडून लेखी घ्या. "फ्री गिफ्ट" म्हणून पॉवर बँक टाकणारे असतात आणि मग न्हावा शेवाला अख्खा माल अडकतो. इम्पोर्टसाठी लागणारा आयईसी नंबर काढलेला नसेल तर तोही आत्ताच काढा, डीजीएफटीच्या साइटवर ५०० रुपयांत होतो.

आता सॅम्पल. एका सप्लायरकडून नाही, निदान तिघांकडून मागवा आणि प्रत्येकाकडून एकाच मॉडेलचे दोन नग घ्या. दोन कशाला, तर एक तुम्ही कात्री लावून फाडणार आहात. सॅम्पलचा दर होलसेलपेक्षा जास्त असतो, दुप्पटही सांगतात, त्यावर घासाघीस करत बसू नका, फक्त "ऑर्डर दिली की सॅम्पलचे पैसे वजा करणार" एवढं चॅटवर लिहून घ्या. खरा खर्च कुरियरचा. एअर कुरियर खरं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त त्यावर पैसे लावतो, लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं. म्हणजे ४६ बाय ३० बाय १५ ची एक फुगवलेली बॅग खऱ्या वजनाने किलोभर असली तरी चार किलोच्या वर धरली जाते. म्हणून सांगायचं की आतला कागद काढा, दाबून सपाट करा आणि दोन्ही बॅगा एकाच पाकिटात घाला. आणि इन्व्हॉइसवर खरी किंमत लिहायला सांगा. "गिफ्ट, २ डॉलर" असं लिहून देतो म्हणतील, ऐकू नका, कस्टम्सला शंका आली तर पार्सल तुमच्या नावावर अडकतं.

सॅम्पल आलं की आधी ज्या अवस्थेत आलंय तसेच फोटो काढा, मग वजन आणि बाहेरची मापं. लॅपटॉपच्या कप्प्यात खराखुरा १५.६ इंची लॅपटॉप घालून बघा, चेन पूर्ण लागते का ते. कॅटलॉगवर १५.६ लिहिलेलं असतं आणि जाड लॅपटॉप घातला की कोपऱ्यावर चेन ताणते, हे फार कॉमन आहे. चेन प्रत्येक कोपऱ्यावरून तीसचाळीस वेळा पुढे-मागे करा, रनर कुठे अडतो, कुठे मागे दात सुटे राहतात ते बघा. चेन किती नंबरची आहे, नायलॉनची की मेटलची, रनरवर मागच्या बाजूला काही छापलंय का, सगळं लिहून ठेवा. मग बॅगेत १२ किलो तांदूळ भरा आणि रात्रभर वरच्या हँडलला टांगून ठेवा, दुसऱ्या रात्री एका पट्ट्यावर. सकाळी पट्टा जिथे बॅगेत शिरतो ती जागा आतून बघायची, टाके उसवायला लागलेत का आणि कापडाला भोकं मोठी झालीत का. बॅगपॅकच्या तक्रारी तिथूनच येतात, दुकानदार म्हणून तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. रंगासाठी पांढरं सुती फडकं ओलं करून पाठीकडच्या भागावर जोरात घासा, फडक्याला रंग आला तर पावसाळ्यात गिऱ्हाइकाच्या शर्टाला येणारच.

आता कात्री. दुसऱ्या नगाचं बाहेरचं कापड अस्तरापासून सुटं करा आणि पट्टी लावून बरोबर १० बाय १० सेंटिमीटरचा चौकोन कापा. तो सोनाराच्या नाहीतर छोट्या डिजिटल काट्यावर वजन करा, निदान दशांश ग्रॅम दाखवणारा काटा पाहिजे. येईल त्या आकड्याला १०० ने गुणलं की कापडाचं जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, मिळालं. २.९ ग्रॅम आले तर २९० जीएसएम. सप्लायर नुसतं "६०० डी पॉलिस्टर" लिहितो, पण तो ६०० धाग्याच्या जाडीचा आकडा आहे, विणकाम किती दाट आणि मागचं कोटिंग किती जाड हे त्यात येत नाही. एकच ६०० डी हलकं आणि भारी दोन्ही मिळतं, दरात फरक असतो, आणि पैसे वाचवायचे झाले की पहिली काटछाट तिथेच होते कारण फोटोत ते दिसतच नाही. तसंच पट्ट्याच्या आतला फोम काढून जाडी मोजा, आणि एका इंचात किती टाके आहेत ते मुख्य शिवणींवर मोजून घ्या. पट्ट्याच्या मुळाशी आडवी दाट शिवण असते, तिला बारटॅक म्हणतात, ती किती ठिकाणी आहे ते मोजा आणि फोटो काढा.

हे झालं की एक पानाची स्पेक शीट बनवा. कापडाचं नाव, रंग, जीएसएम अधिक-उणे ५ टक्के, अस्तर, चेनचा नंबर, फोमची जाडी, इंचाला टाके, बारटॅकच्या जागा फोटोवर बाण काढून, बॅगेची मापं, खोक्यात किती नग, लेबलवर काय छापायचं. लेबल विसरू नका, इम्पोर्ट केलेल्या पॅक मालावर इम्पोर्टरचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनलं, महिना-वर्ष, एमआरपी, कस्टमर केअरचा नंबर हे लीगल मेट्रोलॉजीच्या नियमाने लागतं आणि तिथेच छापून घेतलं तर फार स्वस्तात होतं. "गुड क्वालिटी", "सेम अ‍ॅज सॅम्पल" असले शब्द शीटमध्ये नकोत. उद्या भांडण झालं तर "सेम" कोणी मोजायचं? २९० जीएसएम मोजता येतं.

मग या शीटप्रमाणे सप्लायरकडून पुन्हा दोन सारखे नग बनवून घ्या, तुमचा लोगो, तुमचं लेबल, खरं कापड, खरी चेन. याला प्री-प्रॉडक्शन सॅम्पल म्हणतात. पहिलं सॅम्पल कपाटातलं तयार होतं, हे तुमचं आहे. हे पास केलं की त्यावर सही आणि तारीख असलेला टॅग न काढता येईल असा बांधायचा, एक नग तुमच्याकडे, एक फॅक्टरीत, आणि तपासणाऱ्याने फॅक्टरीतल्या नगाला माल जोडून बघायचा. यात दोनतीन आठवडे जातात आणि सप्लायर कटकट करतो, करू द्या.

पैशाचं असं ठेवा. १००० नग साडेसहाने म्हणजे ६५०० डॉलर, ३० टक्के म्हणजे १९५० आधी, उरलेले ४५५० तपासणी पास झाल्यावर. प्रोफॉर्मा इन्व्हॉइसमध्ये बरेच जण "बॅलन्स अगेन्स्ट बीएल कॉपी" लिहितात, म्हणजे माल जहाजावर चढला की पैसे द्या. तोवर माल तपासून काही उपयोग नाही, परत कोण उतरवणार? ते बदलून "खरेदीदाराने नेमलेल्या थर्ड पार्टीची तपासणी पास झाल्यावर, माल निघायच्या आधी" असं करून घ्या, आणि सोबत हेही लिहून घ्या की फेल झाली तर दुरुस्ती आणि पुन्हा तपासणीचा खर्च सप्लायरचा. ऑर्डर ट्रेड अ‍ॅशुरन्समधून, म्हणजे अलिबाबाच्या खरेदीदाराला संरक्षण देणाऱ्या सोयीतून, करा आणि स्पेक शीट त्या ऑर्डरलाच जोडा, कारण वाद गेला तर अलिबाबा ऑर्डरमध्ये काय लिहिलंय तेच बघतं. पैसे कोणाच्या पर्सनल खात्यावर मागितले तर तिथेच थांबा, ते संरक्षण त्या पैशाला लागू होत नाही. आणि प्रोफाइलवरच्या बिल्ल्यांवर जाऊ नका. गोल्ड सप्लायर ही पैसे भरून घ्यायची मेंबरशिप आहे, व्हेरिफाइड म्हणजे कंपनी कोणीतरी जाऊन बघितलीये, तुमच्या बॅगा कोणी बघितलेल्या नाहीत.

तपासणीसाठी एसजीएस, ब्युरो व्हेरिटास, इंटरटेक, क्यूआयएमए, व्ही-ट्रस्ट अशा एजन्सी आहेत, ऑनलाइन बुक होतात, चीनमध्ये एका माणसाच्या एका दिवसाचे साधारण २०० ते ३०० डॉलर. बुकिंग आणि पेमेंट तुम्ही स्वतः करायचं, "आमचा ओळखीचा इन्स्पेक्टर आहे, स्वस्तात करून देतो" हे सप्लायरकडून अजिबात घ्यायचं नाही. तारीख अशी ठरवा की माल पूर्ण शिवून झालाय आणि निदान ८० टक्के खोक्यात भरलाय. खोकी इन्स्पेक्टरने स्वतः निवडायची, फॅक्टरीने पुढे काढून ठेवलेली नाही. २० नगांची ५० खोकी असतील तर वर्गमुळाच्या हिशोबाने सातआठ खोकी, वेगवेगळ्या थरांतून.

आता सगळे नग तो बघत नाही. आयएसओ 2859-1 नावाचं कोष्टक आहे, त्यातल्या नेहमीच्या लेव्हल २ ला ५०१ ते १२०० नगांच्या लॉटमधून ८० नग काढतात. दोष तीन प्रकारचे धरतात. क्रिटिकल म्हणजे कोणाला इजा होईल असा, सुई राहून गेली वगैरे, तो एकही चालत नाही. मेजर म्हणजे गिऱ्हाईक परत आणेल असा, आणि मायनर म्हणजे धागा लोंबतोय, लोगो किंचित तिरका. किती दोष चालवून घ्यायचे त्या मर्यादेला एक्यूएल म्हणतात, मेजरला एक्यूएल २.५ आणि मायनरला ४ ही रीत आहे, म्हणजे ८० पैकी मेजर ५ पर्यंत पास आणि ६ ला फेल, मायनर ७ पर्यंत पास आणि ८ ला फेल.

इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. पास म्हणजे मालात दोष नाहीत असं नाही. समजा तुमच्या १००० पैकी ५० बॅगा खराब आहेत, म्हणजे ५ टक्के. त्यातून ८० काढल्या तर सरासरी चार खराब हाताला लागतील, आणि मर्यादा पाचची आहे, म्हणजे असला माल साधारण पाचातून चार वेळा बिनबोभाट पास होतो. १०० खराब असतील तरी साधारण सहातून एकदा पास होऊ शकतो. तुमचा मार्जिन किती आहे आणि पन्नास बॅगा परत आल्या तर परवडेल का, यावर ठरवा. माझं मत विचाराल तर पहिल्या ऑर्डरला मेजर १.५ वर ठेवा, तेव्हा ८० मध्ये फक्त ३ चालतात. सप्लायर दर थोडा वाढवेल, पण हे ऑर्डर देतानाच सांगायचं, तपासणीच्या आदल्या दिवशी नाही. आणि कुठला दोष मेजर ते तुम्ही लिहून द्यायचं. बारटॅक नसणं, चेन अडणं, रंग लागणं हे मेजर असं चेकलिस्टवर नसलं तर इन्स्पेक्टर त्याच्या कंपनीच्या ठरलेल्या यादीने जातो. वजन टांगायची आणि रंग घासायची टेस्ट पण त्याच चेकलिस्टवर घाला, त्या ८० वर नाही करत, पाचएक नगांवर करतात.

आमच्याकडच्या एका पार्टीचं सांगतो, माल फुजियानमधल्या छ्वानजोऊचा, असेच १००० बॅगपॅक, मेजर २.५ वर. सॅम्पलचं कापड २९० जीएसएम निघालं होतं आणि तसं शीटवर लिहिलं होतं. कटिंगच्या आधी रोलमधून कापडाचा तुकडा कुरियरने पाठवा अशी अट घातली होती, पाकिटात येतो, खर्च फारसा नाही. तो तुकडा वजन केला तर १० बाय १० ला २.४ ग्रॅम, म्हणजे २४० जीएसएम. सप्लायर म्हणाला "सेम फॅब्रिक, नो प्रॉब्लेम". आम्ही काट्यावरचा फोटो आणि शीट दोन्ही पाठवलं, कापड बदलून घेतलं, आठवडाभर उशीर झाला. हेच कापल्यावर कळलं असतं तर त्याने कापड बदललं नसतं, फार तर डिस्काउंट दिला असता. म्हणून कापडाच्या वस्तूला हा तुकडा शेवटच्या तपासणीइतकाच महत्त्वाचा आहे, कारण शेवटी सापडलेलं कापड दुरुस्त होत नाही.

शेवटच्या तपासणीत ८० मध्ये ९ मेजर आले. ४ बॅगांना एका पट्ट्याचा बारटॅकच नव्हता, ३ मध्ये चेनचा रनर वरच्या कोपऱ्यात अडत होता, २ मध्ये अस्तराची शिवण आतून सुटलेली. रिपोर्ट फेल. आता इथे रिपोर्ट नीट वाचायचा, नुसता निकाल नाही. त्या चारही बॅगांत बारटॅक एकाच बाजूच्या पट्ट्याला नव्हता, म्हणजे तो एका मशीनचा किंवा एका माणसाचा घोळ आहे, सगळ्या १००० मध्ये पसरलेला असणार पण दुरुस्तही होणारा. फॅक्टरीला सगळी खोकी उघडून प्रत्येक पट्टा बघायला लावला, जिथे नव्हता तिथे मारला, अडणाऱ्या चेन उसवून पुन्हा बसवल्या. दुसऱ्या तपासणीत २ मेजर, पास. दुसऱ्या वेळचे पैसे सप्लायरने दिले कारण प्रोफॉर्मात तसं होतं. रिपोर्टवर कधी कधी निकालाच्या जागी "पेंडिंग" येतं, म्हणजे इन्स्पेक्टरने काहीतरी नोंदवलंय आणि ठरवायचं तुम्हाला आहे, ते पास समजून पैसे सोडू नका.

तपासणीला नाहीच म्हणणारा सप्लायर असेल तर सोडून द्या. "बिझी आहोत, व्हिडिओ पाठवतो" असं म्हणणारा पण त्यातलाच, व्हिडिओत तो त्याला हवी तीच बॅग दाखवणार. आणि चिनी नववर्ष जानेवारी-फेब्रुवारीत येतं ते बघून तारखा ठरवा. त्याच्या आधीच्या दोनतीन आठवड्यांत सगळे माल काढायच्या घाईत असतात, कारागीर गावी निघालेले असतात, आणि सुट्टीनंतर लाइनवर बरीच नवी माणसं येतात. फेल झालेला माल सुट्टीच्या तोंडावर दुरुस्त करून मिळत नाही, महिनाभर तसाच पडतो. तुमचा सीझन शाळा-कॉलेज सुरू होतानाचा, म्हणजे जूनचा असेल तर प्री-प्रॉडक्शन सॅम्पल दिवाळीनंतर लगेच पास करा, तपासणी डिसेंबरात उरकली तर फेल झाली तरी पुन्हा तपासायला वेळ राहतो.